तोंडी हुकमाचे राज्य

सनदी नोकराने तटस्थ असावे, हे वाक्य या देशात मंत्र्यापासून मामलेदारापर्यंत सर्वांना मुखोद्गत आहे. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ हळूहळू पालटत गेला आहे. मंत्री बदलला तरी ज्याच्या मानेची लवचिकता बदलत नाही तो अधिकारी तटस्थ, आणि जो कायद्याचे कलम पुढे करून थांबतो तो ‘अडवणूक करणारा’, अशी नवी परिभाषा सचिवालयाच्या मजल्यांवर रूढ झाली आहे. आज्ञाधारकता आणि तटस्थता या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की लोकशाहीचे कोणते नुकसान होते, हे पाहण्यासाठी साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे मुंदडा प्रकरण पुन्हा एकदा बारकाईने तपासणे उपयुक्त ठरेल. ते प्रकरण सामान्यतः एका लबाड उद्योगपतीची कथा म्हणून सांगितले जाते. खरे पाहता ती एका न लिहिल्या गेलेल्या कागदाची कथा आहे.

1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. दोनशेहून अधिक खासगी विमा कंपन्या व संस्था ताब्यात घेऊन 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. कारकून, शिक्षक, गिरणीतला जॉबर, रेल्वेतला नोकर अशा लक्षावधी माणसांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांचा पैसा एका छत्राखाली आला. हा पैसा सरकारचा नव्हता, तो विमेदारांचा होता. त्यावर खासगी मालकाचा डोळा राहू नये म्हणून तो सार्वजनिक केला गेला. मंत्र्याच्या खिशात जावा म्हणून मुळीच नव्हे. म्हणूनच कायदा करणाऱ्यांनी दोन कड्या घातल्या. पहिली म्हणजे गुंतवणुकीबाबत महामंडळाला सल्ला देण्यासाठी गुंतवणूक समिती. दुसरी कडी कायद्याच्या 21 व्या कलमात आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबीत केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकेल, आणि महामंडळाने त्या निर्देशानुसार चालावे. मात्र तो निर्देश लेखी असला पाहिजे.

या एका ‘लेखी’ शब्दात मंत्री आणि अधिकारी यांच्यातील सगळ्या नात्याचे सार आहे. लोकनियुक्त सरकारला हस्तक्षेपाचा अधिकार कायद्याने नाकारलेला नाही. उलट तो स्पष्टपणे दिला आहे. एखादी बाब सार्वजनिक हिताच्या धोरणाची आहे की नाही, याविषयी वाद उद्भवला तर त्यावरही सरकारचाच निर्णय अखेरचा ठरविला आहे. यापेक्षा अधिक अधिकार कोणत्या मंत्र्याला हवा? किंमत एवढीच, की त्या अधिकाराखाली सही करायची आणि ती सही संसदेपुढे येऊ द्यायची.

आता जून 1957 मध्ये काय घडले ते पाहावे. हरिदास मुंदडा हा कलकत्त्याचा उद्योगपती आर्थिक अडचणीत सापडला होता. बँकांची कर्जे थकली होती. त्याने अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांच्यापुढे आपली अडचण मांडली आणि आपल्या कंपन्यांचे शेअर महामंडळाने घ्यावेत असे सुचविले. मुंबईत त्या सुमारास अर्थखाते, रिझर्व्ह बँक, स्टेट बँक आणि महामंडळ यांचे वरिष्ठ अधिकारी एकत्र आले होते. दोन-चार दिवसांत बोलणी उरकली. जूनच्या अखेरच्या आठवड्यात महामंडळाने मुंदडाच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे 1 कोटी 24 लाख रुपयांना विकत घेतले. गुंतवणूक समितीला त्याआधी विचारलेच नाही. शेअर बाजाराची माहिती असलेली माणसे त्या समितीत होती आणि मुंदडाची बाजारातली पत काय आहे हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ज्यांनी धोक्याचा इशारा दिला असता त्यांनाच वगळून हा सौदा पार पडला.

पुढे या खरेदीचे जे समर्थन झाले ते मोठे मासलेवाईक होते. कलकत्त्याचा शेअर बाजार ढासळत होता, त्याला आधार द्यावा म्हणून ही खरेदी केली, असे सांगण्यात आले. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही या युक्तिवादातील पोकळपणा ओळखील. बाजाराला आधार द्यायचा असेल तर खरेदीदाराने बाजारात उतरावे लागते. दलालांमार्फत, उघड बोलीने, निरनिराळ्या विक्रेत्यांकडून आणि निरनिराळ्या कंपन्यांचे शेअर घ्यावे लागतात. तरच मागणी दिसते, भाव सावरतो आणि इतर विक्रेत्यांना धीर येतो. येथे एकाच माणसाकडून, त्याच्याच कंपन्यांचे शेअर, बंद खोलीतल्या बोलण्याने घेतले गेले. त्या खरेदीने बाजाराला कोणता टेकू मिळणार? टेकू मिळाला तो एका माणसाच्या कर्जाला. शिवाय भाव ठरविताना आधार घेतला तो बाजारातल्या बंद भावाचा, आणि ज्याच्या हाती एखाद्या कंपनीचे शेअर मोठ्या प्रमाणावर असतात त्याला सौद्याची कुणकुण आधीच असली तर तो भाव दोन दिवसांत वर ढकलणे त्याला अवघड नसते. सांगितलेले कारण आणि केलेली कृती यांचा मेळ बसत नाही, तेव्हा खरे कारण दुसरीकडे शोधावे, हा हिशेबतपासनिसाचा साधा नियम आहे.

डिसेंबर 1957 मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत या सौद्याचे धिंडवडे काढले. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. तरीही त्यांनी विमेदाराच्या बाजूने उभे राहणे पसंत केले, हे आजच्या बाकांवर बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी जानेवारी 1958 मध्ये मुंबईत उघड चौकशी केली आणि ती ऐकायला लोकांची इतकी दाटी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारीत अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

त्या चौकशीत एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येत होता, आणि तोच येथे मुद्द्याचा आहे. ही खरेदी करण्यास कोणी सांगितले? सचिवांचे म्हणणे असे, की मंत्र्यांशी बोलणे झाले होते आणि त्यांची संमती होती. मंत्र्यांचे म्हणणे असे, की आपण या सौद्याला मान्यता दिलेली नव्हती. महामंडळाच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की सचिवांचा शब्द हा सरकारचा शब्द आहे असे समजून आपण वागलो. तीन पायऱ्या, तीन जबान्या, आणि एकाही पायरीवर कागद नाही. 21 व्या कलमाखालचा निर्देश नाही, मंत्र्याचा शेरा नाही, सौद्याआधी लिहिलेली सचिवाची टिपणी नाही, समितीचा ठराव नाही. लोकांचा सव्वा कोटी रुपया एका हाताने दुसऱ्या हातात दिला, आणि तो हात कोणाच्या हुकमाने हलला हे ठरविण्यासाठी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तीला साक्षीदारांच्या स्मरणशक्तीचा आणि प्रामाणिकपणाचा तराजू धरून बसावे लागले.

छागला यांनी या गुंत्यातून वाट काढली ती घटनात्मक तत्त्वाच्या आधारे. सचिव मंत्र्याच्या नावाने काम करतो, म्हणून त्याच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याने संसदेपुढे घेतलीच पाहिजे, मागाहून त्याला अधिकाऱ्याच्या आडोशाला लपता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. आणि सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कामात ढवळाढवळ करू नये, करायचीच असेल तर लेखी निर्देश देण्याची जबाबदारी टाळू नये, हेही त्यांनी सांगितले. दुसरे सूत्र पहिल्याइतकेच मोलाचे आहे, परंतु ते लोकांच्या लक्षात राहिले नाही, कारण राजीनाम्याची बातमी होते आणि कार्यपद्धतीची होत नाही.

यातून निष्पन्न झाले काय? अधिकाऱ्यांच्या वर्तणुकीची पुढे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्या मंडळाकडून वेगळी चौकशी झाली. पटेल सनदी सेवेतून बाहेर पडले आणि 1977 साली स्वतःच देशाचे अर्थमंत्री झाले. कृष्णम्माचारी 1962 साली मंत्रिमंडळात परतले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले. दोघांचीही कर्तबगारी कोणी नाकारत नाही. दोघेही आपापल्या परीने मोठी माणसे होती. मुद्दा नेमका तोच आहे. तोंडी हुकमाची पद्धत सामान्य कुवतीच्या लोकांनाच बिघडवते असे नाही. देशातले उत्तमोत्तम मंत्री आणि उत्तमोत्तम सचिव जरी एका खोलीत बसविले, तरी कागद नसेल तर त्या खोलीतून सत्य बाहेर येत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिक कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नोकरशाही ही मूळचीच स्थितिशील. तिच्या हाती ‘कार्यपद्धती’चे शस्त्र दिले तर ती लोकनियुक्त सरकारचा पुरोगामी कार्यक्रम लाल फितीत गुंडाळून ठेवील. कूळकायदा, जमीन कमाल मर्यादा, रोजगार हमी, प्रत्येक वेळी फाईल कोणी अडविली? हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर 21 व्या कलमातच दडलेले आहे. ज्या मंत्र्याला आपला निर्णय सार्वजनिक हिताचा वाटतो त्याच्यासाठी लेखी निर्देश हा अडथळा नाही, तर ते त्याचे सर्वांत धारदार हत्यार आहे. जून 1957 मध्ये कलकत्त्याचा बाजार सावरणे हे खरोखरच राष्ट्रीय धोरण असते, तर अर्ध्या पानाचा निर्देश पुरेसा होता. कोणताही अधिकारी तो अडवू शकला नसता. मग तो का निघाला नाही? कारण निर्देशात ‘कलकत्ता बाजार’ असे लिहून चालले नसते, ‘मुंदडा’ असे नाव लिहावे लागले असते. जो निर्णय कागदावर लिहिताना लाज वाटते तो निर्णय धोरणाचा नसतो, तो मेहेरबानीचा असतो. गरिबाच्या बाजूचा निर्णय लेखी देताना कोणत्याही मंत्र्याचा हात आजवर थरथरलेला नाही. उलट त्याची छायाचित्रे छापून येतात.

तेव्हा तटस्थतेचा खरा अर्थ असा लावला पाहिजे. मंत्र्याने धोरण ठरवावे, आणि अधिकाऱ्याने ते ठरण्यापूर्वी आपले मत, मग ते कितीही अप्रिय असो, टिपणीत स्वच्छ मांडावे. मंत्र्याने ते मत डावलून कायदेशीर निर्णय दिला, तर अधिकाऱ्याने तो आपलाच समजून निष्ठेने अमलात आणावा. निर्णय आवडला नाही म्हणून ज्याचे पाय जड होतात तोही तटस्थ नव्हे. परंतु कायद्याने एखादा निर्णय मंत्र्याला नव्हे तर त्या अधिकाऱ्यालाच घ्यायला सांगितला असेल, तर तेथे मंत्र्याची इच्छा हा निर्णयाचा आधार होऊच शकत नाही.

ही शेवटची गोष्ट मुंबईच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली निःसंदिग्धपणे सांगितली आहे. गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्याची परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी 1947 साली दिली होती. दोन महिन्यांनी आयुक्तांनीच पत्र पाठविले, की सरकारच्या आदेशावरून ती परवानगी रद्द झाली आहे. नियमाने परवानगी देण्या-काढण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हता. न्यायालयाने म्हटले, की आयुक्तांनी स्वतःची बुद्धी वापरलीच नाही, ते केवळ वरचा निरोप पोहोचविते झाले. म्हणून हे रद्द करणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काहीच नव्हे. आयुक्तांनी या प्रकरणाचा स्वतः विचार करावा. त्याच निकालपत्रात आणखी एक तत्त्व आले: सार्वजनिक हुकमाचा अर्थ त्यात लिहिलेल्या शब्दांवरूनच काढला जाईल, आपल्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालणार नाही. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती विव्हियन बोस हेच होते, ज्यांना सात वर्षांनी मुंदडा प्रकरणातील अधिकाऱ्यांची वर्तणूक तपासावी लागली.

या तत्त्वाकडे पाठ फिरविली म्हणजे काय होते याचा दाखला 25 जून 1975 च्या रात्रीने दिला. ‘मिसा’खाली माणसाला स्थानबद्ध करायचे तर दंडाधिकाऱ्याची स्वतःची खात्री पटणे ही कायद्याची अट होती. दिल्लीत वरून आलेल्या याद्यांवर आणि पोलिसांनी पुढे केलेल्या कागदांवर सह्या झाल्या. पुरावा पाहून खात्री करून घेण्याची तसदी घेतली गेली नाही. त्याच रात्री बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांचा वीजपुरवठा तोडला गेला, तोही तोंडी हुकमाने. शहा आयोगापुढे या अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या तेव्हा बचाव एकच होता: वरून सांगण्यात आले. मुंदडा प्रकरणात विमेदाराचा पैसा गेला. या खेपेला नागरिकाचे स्वातंत्र्य गेले. यंत्र मात्र तेच होते.

असे म्हणता येईल, की आता नियम बदलले आहेत. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की वरिष्ठाचा निर्देश सामान्यतः लेखी असावा, तोंडी देणे अपरिहार्य झाले तर त्याने लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि ज्याला तो मिळाला त्याने दुजोरा मागावा. सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या अर्जावर ऑक्टोबर 2013 मध्ये हेच पुन्हा बजावले: तोंडी सूचनांवर काम करू नका, त्या नोंदवून ठेवा. 2014 साली राजकीय तटस्थतेचा शब्द नियमांतच घातला गेला. हे सारे योग्यच आहे. परंतु यातील उणीव कोणती ते ओळखले पाहिजे. वर्तणूक नियम अधिकाऱ्याला बांधतात, मंत्र्याला नाही. लेखी दुजोरा मागणारा अधिकारी नियम पाळतो आणि आठ दिवसांत बदलीचा हुकूम घेऊन दूरच्या जिल्ह्यात जातो; दुजोरा न देणाऱ्या मंत्र्याला कोणतीही शिक्षा नाही. महाराष्ट्राने 2005 साली बदल्यांचा कायदा करून साधारण तीन वर्षांची मुदत घातली आणि मुदतीआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावीत असे ठरविले. पण ‘प्रशासकीय निकड’ हे दोन शब्द लिहिले की कारण नोंदविल्याचे पुण्य पदरात पडते, हा अनुभव कोणत्याही तालुक्यातील कर्मचारी सांगू शकेल.

आणि दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लेखी हुकूम मिळाला म्हणजे बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. कागद जबाबदारी दाखवितो, पाप धूत नाही. अंधेरीच्या प्रकरणात आदेश लेखी कळविलेला होता, तरीही तो शून्य ठरला. कायद्याने मनाई केलेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणे, हे कर्तव्य कोणत्याही शेऱ्याने संपत नाही.

वाकविलेली कार्यपद्धती फाईलवर ओळखता येते, आणि ही विद्या कार्यकर्त्याने शिकून घ्यावी. माहितीच्या अधिकाराने 2005 पासून फाईल पाहण्याची सोय झाली आहेच. पहिले पाहावे ते तारखांकडे: पैसे आधी गेले आणि टिपणी नंतर लिहिली, असे झाले आहे काय? दुसरे, ‘चर्चेनुसार’ हा शब्द: चर्चा कोणाशी, केव्हा, आणि काय ठरले, हे लिहिलेले नसेल तर त्या शब्दामागे कोणीतरी लपलेला आहे. तिसरे, ज्या समितीला आधी विचारायचे तिची ‘कार्योत्तर मंजुरी’ घेतली आहे काय? आणि चौथे, सांगितलेल्या उद्देशाने सर्वांना लाभ व्हायला हवा होता, पण प्रत्यक्षात लाभ घेणारा एकच आहे काय? जून 1957 चा व्यवहार या कसोट्यांवर सहा महिने आधीच उघडा पडला असता. कोणी फाईल मागितली नाही, एवढेच.

शेवटी एक कटू गोष्ट. तोंडी हुकूम फक्त मंत्र्याच्या दालनातून सुटत नाही. आपल्या माणसाचे नाव यादीत वर घ्या, अमक्याचा अर्ज मुदतीनंतर आला तरी दाखल करा, असे तहसीलदाराच्या टेबलाशी वाकून सांगणारा कार्यकर्ता प्रत्येक पक्षात आहे, आणि समाजवादी पक्ष त्याला अपवाद नाही. हेतू चांगला असतो. बहुधा अर्जदार खरोखरच गरजू असतो. परंतु ज्या तहसीलदाराला आज एका विधवेसाठी नियम वाकविण्याची सवय लावली, त्याची कणा वाकविण्याची कला उद्या वाळूच्या ठेकेदाराच्या उपयोगी पडते, आणि ठेकेदाराचा आवाज कार्यकर्त्याच्या आवाजापेक्षा नेहमीच मोठा असतो. नियम चुकीचा असेल तर तो बदलण्यासाठी मोर्चा काढावा, निवेदन द्यावे, आणि मंत्र्याकडून सहीचा लेखी निर्णय मागावा. दुर्बलांच्या हाती कागदाखेरीज दुसरे काही नसते. बंद खोलीतल्या शब्दाचे राज्य हे सदैव धनवंतांचेच राज्य असते.